आधी अवतरणचिन्ह, मग काळ

मुलाने लिहिलेली गोष्ट तपासायला घेतली की मोठ्या माणसाचे पेन पहिल्या ओळीपासून धावू लागते. ‘जाते’ खोडून ‘गेली’ केले जाते, ‘म्हणतात’ खोडून ‘म्हणाले’. वाटेत कुठे अवतरणचिन्ह सुटलेले दिसले तर तेही जाता जाता टाकले जाते. हा क्रमच उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. मराठी गोष्टीतला काळ दुरुस्त करायचा असेल तर आधी प्रत्येक वाक्य कुणाच्या तोंडचे आहे ते ठरवले पाहिजे. ते ठरेपर्यंत कोणता वर्तमानकाळ चुकीचा आणि कोणता बरोबर, हे कळायला मार्गच नसतो. विरामचिन्हे म्हणजे शेवटी करायची साफसफाई असे आपण धरून चालतो. संवाद असलेल्या गोष्टीत ती व्याकरणाच्या आधी येतात.

उदाहरण गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीचे घेऊ. बिरसी म्हटले की बाहेरच्यांना विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली, आणि आता तिथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. भोवताली मात्र धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव. महाराष्ट्रात सारस पक्षी प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे आणि तो पावसाळ्यात बऱ्याचदा धानाच्या बांधीतच घरटे करतो. तिथल्या मुलाने गोष्ट लिहायची तर त्यात विमान आणि सारस दोन्ही येणारच. खालची गोष्ट कुणा एका मुलाची नाही. अशा लेखनातले नेहमीचे घोटाळे एका जागी दिसावेत म्हणून मी ती जुळवली आहे; पुढे मात्र ती एका मुलाने लिहिली आहे असेच धरू.

सारसाचे घर

एक गाव होते. त्याचे नाव बिरसी. तिथे सोनी राहते. सोनीचे घर विमानतळाजवळ आहे. एक दिवस सोनी आबाजीसोबत बांधीवर जाते. रोवणी झाली होती. धुऱ्यावर आबाजीने म्हणाले सोनी थांब समोर पाय नको टाकू. सोनीने विचारते काहून. आबाजी म्हणतात बांधीत सारस बसून राहिला त्याची अंडी आहेत. सारस जोडीने राहतात. तेवढ्यात वरून विमान येते आणि सारस ओरडला. सोनी घाबरली आणि आबाजीचा हात पकडते. आबाजी सारस उडून जाईल का. नाही बेटा तो अंडी सोडून जात नाही मी लहान होतो तेव्हापासून पाहून राहिलो. सोनी हळूच मागे सरकते. घरी येऊन सोनीने आईला सांगितले की आबाजी म्हणाले मी उद्या तुला पिल्लू दाखवतो. आई हसते आणि म्हणाली "अंडी फुटायला महिना लागतो.

नुसत्या नजरेने पाहिले तर काळाचा नुसता गोंधळ दिसतो. यात क्रियापदे अठ्ठावीस. पण त्यातली बारा पात्रांच्या बोलण्यातली आहेत. त्यांना गोष्टीच्या काळाशी काही देणेघेणे नाही; बोलणाऱ्याच्या त्या क्षणाला जो काळ लागतो तोच त्यांचा काळ. ती बारा बाजूला काढली की उरतात सोळा. त्यात नऊ वर्तमानकाळी, सात भूतकाळी. म्हणजे अवघड भासणारे काम जवळजवळ निम्म्यावर येते, आणि तेही काळाच्या एकाही रूपाला हात न लावता.

मात्र अवतरणचिन्ह कुठे उघडायचे आणि कुठे मिटायचे हा निव्वळ टिंबा-रेघांचा प्रश्न नाही. “सोनी थांब समोर पाय नको टाकू” हे वाक्य घ्या. पुण्यातला संपादक ‘थांब समोर’ असे एकत्र वाचून ‘माझ्या समोर उभी राहा, पाय टाकू नकोस’ असा अर्थ लावू शकतो. विदर्भात ‘समोर’ म्हणजे ‘पुढे’. आबाजींना म्हणायचे आहे की थांब, पुढे पाय टाकू नको. खूण ‘थांब’नंतर द्यायची की ‘समोर’नंतर, हे नियम सांगत नाही. ते सांगायला तिकडचा कान लागतो, किंवा निदान गोष्ट समजून घ्यावी लागते: पुढे अंडी आहेत, म्हणून पुढे जायचे नाही.

याहून मोठा सापळा ‘बसून राहिला’ मध्ये आहे. प्रमाण मराठीत याचा अर्थ ‘बसूनच होता, उठला नाही’. रूप भूतकाळाचे, अर्थही भूतकाळाचा. विदर्भाच्या बोलीत मात्र ‘तो काय करून राहिला?’ म्हणजे ‘तो काय करतो आहे?’ ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणजे आत्ता येतो आहे. रूप भूतकाळाचे आणि अर्थ चालू वर्तमानाचा. आबाजी सांगताहेत की सारस आत्ता अंड्यांवर बसलेला आहे. हे वाक्य अवतरणात नसेल तर तपासणारा दोनपैकी एक चूक करतो. त्याला वाटते मुलाने इथे तरी भूतकाळ बरोबर लिहिला, आणि तो पुढे जातो. किंवा तो ‘बसला होता’ करतो, आणि सारस उडून गेल्यासारखा वाटतो. अवतरणात ठेवले की प्रश्न मिटतो, कारण पात्राच्या तोंडची भाषा पात्राची. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. पण ती मोकळीक मिळवायची तर आधी पात्राचे तोंड कुठे उघडते आणि कुठे मिटते हे दाखवावे लागते, आणि ते कसे दाखवायचे याबद्दल ते अठरा नियम गप्प आहेत. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूपे यांवरच त्यांचा भर आहे.

मुलांना अवतरणचिन्ह जमत नाही याचे कारण आळस आहे असे मला वाटत नाही. मराठी गद्याने कित्येक शतके त्याच्यावाचून काढली. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात पानोपानी संवाद आहेत. कोण बोलले ते ‘म्हणितले’सारख्या क्रियापदाने कळते, खुणेने नाही. आजच्या आवृत्त्यांत जी चिन्हे दिसतात ती संपादकांची. आपल्याकडे विरामचिन्हे छापखान्याबरोबर आली, आणि ती रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. सोनीची गोष्ट लिहिणारे मूल ‘म्हणाले’, ‘विचारते’, ‘म्हणतात’ असे ठेवून वाचकाला सांभाळते आहे. त्याची पद्धत जुनी आहे, एवढेच. ती पद्धत कुठे मोडते तेही या गोष्टीत नेमके दिसते. “आबाजी सारस उडून जाईल का. नाही बेटा तो अंडी सोडून जात नाही…” इथे कुणी ‘म्हणाले’च नाही. दोन माणसे एकापाठोपाठ बोलतात आणि त्यांच्यामध्ये फक्त एक पूर्णविराम आहे. मुलाने हे वाईट लिहिलेले नाही, उलट प्रत्येक वेळी ‘म्हणाली’ न लावण्याचा त्याला सुचलेला वेग चांगला आहे. पण हा वेग पेलायला दोन गोष्टी लागतात: अवतरणचिन्ह आणि बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. त्या दिल्या की ‘म्हणाली’ची उणीव भासत नाही. कच्चा तपासनीस इथे ‘असे सोनी म्हणाली’ घुसवतो आणि जो भाग आधीच चांगला होता तोच जड करतो.

चिन्ह लावायची रीत अवघड नाही. ‘म्हणाले’ आधी आले तर त्याच्यानंतर स्वल्पविराम, मग दुहेरी अवतरण उघडायचे. वाक्य संपवणारे चिन्ह, मग ते प्रश्नचिन्ह असो की पूर्णविराम, अवतरणाच्या आत. हाक मारलेल्या नावानंतर स्वल्पविराम: ‘सोनी, थांब’, ‘आबाजी, सारस उडून जाईल का’. एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचे बोलणे आले तर आतले एकेरी. शेवटच्या ओळीत अवतरण उघडले आहे पण मिटलेले नाही. तोंडी वाचताना हे लक्षात येत नाही, कारण गोष्टच तिथे संपते. यावर सोपी युक्ती म्हणजे चिन्हे मोजणे. एकूण संख्या विषम आली तर कुठेतरी एक उघडे राहिले आहे. मोबाइलवर उघडण्याचे आणि मिटण्याचे चिन्ह सारखेच दिसते, तिथे ही मोजणी विशेष उपयोगी पडते. सम आली म्हणून सगळे ठीक आहे असे मात्र समजू नये. दोन चुका एकमेकींना झाकतात.

आता राहिलेली सोळा क्रियापदे. इथे बहुमताने निर्णय घेऊ नये. नऊ वर्तमानकाळी आहेत म्हणून गोष्ट वर्तमानकाळात न्या, असे म्हणता येत नाही. गोष्टीचा पाया कुठे आहे ते पाहावे लागते. ‘एक गाव होते’ हे दार भूतकाळाचे आहे. बिरसी आजही जागच्या जागी आहे, हे खरे. पण गोष्टीतल्या ‘होते’चा अर्थ ‘आता नाही’ असा नसतो, तो फक्त ‘ऐका’ असा असतो. शिवाय ‘रोवणी झाली होती’ हे वाक्य मुलाने आपोआप लिहिले आहे. ‘झाली होती’ म्हणजे सोनी बांधीवर गेली त्याच्या आधीच झाली होती. हे रूप भूतकाळाच्या पायावरच उभे राहते. पाया वर्तमान असता तर ‘झाली आहे’ लागले असते. लेखकाच्या मनातला काळ अशा नकळत आलेल्या रूपांतून ओळखावा. चित्रांच्या पुस्तकासाठी हीच गोष्ट सबंध वर्तमानकाळात लिहायला हरकत नव्हती, पण या मुलाने ती तशी ऐकलेली नाही.

पाया भूतकाळ ठरला की नऊ क्रियापदे यांत्रिकपणे बदलता येतील असे वाटते, आणि इथेच मराठी आपला हिसका दाखवते. ‘तिथे सोनी राहते’ याचे ‘सोनी राहिली’ केले तर ती मुक्कामाला थांबली असा अर्थ होतो. हवे आहे ‘राहायची’ किंवा ‘राहत होती’. वर्तमानकाळाचे एकच रूप सवयही सांगते आणि एकदाच घडलेली गोष्टही. भूतकाळात त्या दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. ‘सोनी बांधीवर जाते’ याचे मात्र ‘जायची’ नाही, ‘गेली’ होते, कारण ‘एक दिवस’ म्हटले आहे.

आणि मग ‘ने’. ‘सोनी घाबरली आणि आबाजीचा हात पकडते’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त बोलके वाटते. मूल इथे एका वाक्यात दोन काळ का लिहिते? ‘घाबरली’ अकर्मक आहे, कर्ता साधाच राहतो: सोनी घाबरली. ‘पकडले’ सकर्मक आहे. भूतकाळात त्याला ‘सोनीने’ लागते आणि क्रियापद हाताच्या मागे जाते: हात पकडला. म्हणजे ‘सोनी घाबरली आणि हात पकडला’ असे नीट म्हणता येत नाही. मध्ये ‘तिने’ घालून वाक्याची बैठकच बदलावी लागते. वर्तमानकाळात असला काही त्रास नाही. सोनी घाबरते, पकडते, सरकते, हसते. कर्ता एकच आणि जसाच्या तसा. त्यामुळे सकर्मक क्रियापद येताच मूल वर्तमानकाळाच्या सपाट रस्त्यावर उतरते, असा माझा कयास आहे. प्रत्येक घसरणीचे हेच कारण नाही. ‘येते’ आणि ‘हसते’ अकर्मक असूनही वर्तमानात गेलीच आहेत. पण जिथे एकाच वाक्यात काळ फुटलेला दिसतो तिथे ‘ने’ शोधून पाहावे. मुलाला ‘काळ बदलू नको’ असे सांगून ती चूक जात नाही. ‘इथे तिने घाल आणि हाताला विचार पकडला की पकडली’ असे सांगितले तर जाते.

बिरसीत याला आणखी एक पदर आहे. घरात पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. हिंदीत ‘कहना’ला ‘ने’ लागते. मराठीत ‘म्हणाले’ आणि ‘बोलले’ ही रूपे ‘ने’ घेत नाहीत: आबाजी म्हणाले, आई बोलली. म्हणून ‘आबाजीने म्हणाले’. गंमत अशी की ‘म्हटले’ लिहिले असते तर ‘ने’ बरोबर ठरले असते: आबाजीने म्हटले. म्हणजे हे दोन शब्द सांधताना एकच जागा चुकली आहे. मुलाला मराठी येत नाही असा त्याचा अर्थ नाही. ‘सोनीने विचारते’ ही चूक वेगळी: तिथे कर्ता भूतकाळात पोचला आहे आणि क्रियापद अजून वर्तमानातच आहे. समासात दोन्हींना एकच ‘व्या.’ लिहून मोकळे होणे मुलाच्या काहीच उपयोगाचे नाही.

आता ज्या बदलांचा मोह आवरला पाहिजे ते पाहू. ‘सोनीने आईला सांगितले की आबाजी म्हणाले मी उद्या तुला पिल्लू दाखवतो.’ इंग्रजी शाळेत शिकलेल्या हाताला इथे ‘दाखवतो’चे ‘दाखवणार होते’, ‘मी’चे ‘ते’ आणि ‘उद्या’चे ‘दुसऱ्या दिवशी’ करावेसे वाटते. मराठीला याची गरज नाही. ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द, त्याचा काळ, त्याचा ‘मी’ सगळे तसेच ठेवता येते. आपण दिवसभर असेच बोलतो. तिथे फक्त आबाजींचे शब्द अवतरणात घ्यायचे. ‘की’ काढून सोनीचे बोलणेही दुहेरी अवतरणात घातले असते तर आबाजींचे बोलणे एकेरीत गेले असते, आणि दहा वर्षांच्या वाचकासाठी खुणांचा एक थर उगीच वाढला असता. मुलाचा ‘की’ राहू द्यावा.

दुसरा मोह विमानाचा. ‘तेवढ्यात वरून विमान येते’ हा वर्तमानकाळ कुणी म्हणेल की मुद्दाम आहे. आजीच्या गोष्टीत ‘राजा दार उघडतो, बघतो तर काय’ असे होतेच. भूतकाळात चाललेली गोष्ट अचंब्याच्या जागी वर्तमानात उडी मारते आणि परत येते. तो दोष नाही, ती कथनाची जुनी रीत आहे, आणि ती खोडणारा तपासनीस गोष्टीचा जीव काढतो. पण उडी ही उडी दिसावी लागते. तिला ‘बघतो तर काय’ सारखा टेकू लागतो आणि आजूबाजूचे सगळे घट्ट भूतकाळात असावे लागते. इथे आधीपासूनच पाय इकडेतिकडे पडले आहेत, त्यात ही एक उडी ओळखू येत नाही. म्हणून मी ‘आले’ करतो. मुलाने “मला तिथे तसेच हवे” असे म्हटले तर मी ‘तेवढ्यात काय होते, वरून विमान येते!’ असे करून देईन आणि बाकी सगळे भूतकाळात ठेवीन.

एवढे करून गोष्ट अशी होते:

सारसाचे घर

एक गाव होते. त्याचे नाव बिरसी. तिथे सोनी राहायची. सोनीचे घर विमानतळाजवळ होते. एक दिवस सोनी आबाजीसोबत बांधीवर गेली. रोवणी झाली होती. धुऱ्यावर आबाजी म्हणाले, “सोनी, थांब! समोर पाय नको टाकू.”

सोनीने विचारले, “काहून?”

आबाजी म्हणाले, “बांधीत सारस बसून राहिला. त्याची अंडी आहेत. सारस जोडीने राहतात.”

तेवढ्यात वरून विमान आले आणि सारस ओरडला. सोनी घाबरली आणि तिने आबाजीचा हात पकडला.

“आबाजी, सारस उडून जाईल का?”

“नाही बेटा, तो अंडी सोडून जात नाही. मी लहान होतो तेव्हापासून पाहून राहिलो.”

सोनी हळूच मागे सरकली. घरी येऊन सोनीने आईला सांगितले की आबाजी म्हणाले, “मी उद्या तुला पिल्लू दाखवतो.”

आई हसली आणि म्हणाली, “अंडी फुटायला महिना लागतो.”

पात्रांच्या बोलण्यातला एकही शब्द बदललेला नाही. ‘काहून’, ‘समोर’, ‘बसून राहिला’, ‘पाहून राहिलो’ जागच्या जागी आहेत. कथनात क्रियापदे बदलली, एक ‘ने’ गेला, एक ‘तिने’ आली. मुलाला परत दिलेल्या पानावर त्याचीच गोष्ट दिसली पाहिजे, हा माझा आग्रह आहे. ‘काहून’चे ‘का’ केले की ती बिरसीची राहत नाही आणि कुठलीच होत नाही.

दोन जागा मी माझ्या अधिकारात ठरवलेल्या नाहीत, त्या मुलाला विचारायच्या आहेत. पहिली ‘सारस जोडीने राहतात’ ही. हे सर्वकाळचे सत्य आहे, त्यामुळे ते आबाजींचे असो की लेखकाचे, वर्तमानकाळच राहणार; इथे काळ मदतीला येत नाही. मी ते आबाजींच्या तोंडी ठेवले, कारण लगेच पुढे ‘तेवढ्यात’ आहे आणि बोलणे चालू असतानाच विमान यावे असे वाटते. पण वाक्याचा घाट पाठ्यपुस्तकी आहे. मुलाने ते वर्गात ऐकून आपल्या वतीने घातलेले असू शकते. तसे असेल तर अवतरण ‘आहेत’नंतरच मिटवायला हवे. दुसरी जागा ‘आबाजीसोबत’ आणि ‘आबाजीचा’. प्रमाण लेखनात ‘म्हणाले’बरोबर ‘आबाजींचा’ यायला हवे, नाहीतर आदर अर्ध्या वाटेवर सुटतो. मी अनुस्वार दिलेला नाही. घरी ते मूल ‘आबाजीचा’च म्हणत असेल, आणि कथन त्याच्याच आवाजात चालले आहे. मासिकात छापताना संपादक तो अनुस्वार घालेल. वर्गाच्या हस्तलिखितासाठी मी हट्ट धरणार नाही.